पाठीतली फट आणि डोक्यामागची पिशवी: एकच गोळी दोन्ही घरांना पुरेल का?

"मॅडम, मी कागल तालुक्यातल्या एका उपकेंद्रात सिस्टर आहे. दोन वर्षांत आमच्याकडे दोन बाळं तशी झाली. एकाच्या पाठीत खाली फट होती, ऑपरेशन झालंय. दुसऱ्याच्या डोक्यामागं पिशवी होती, ते तासाभरात गेलं. हातापायांना सहा-सहा बोटं होती असं सासू सांगते. त्या घरात नवराबायको आतेभाऊ-मामेबहीण आहेत, आणि आता धाकट्या दिराला तिचीच बहीण करून घ्यायचं चाललंय. फॉलिकच्या गोळ्या आम्ही नोंदणीच्या दिवसापासून देतो, दोघींनीही घेतल्या होत्या. गावात कुणी ग्रहण म्हणतं, कुणी उसावरची फवारणी. नक्की काय चुकलं, आणि पुढच्या खेपेला काय करू?"

ताई, सासूबाईंनी बोटं मोजली आणि तुम्ही ती गोष्ट लिहून पाठवलीत, हे फार बरं झालं. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तीच आहे. तिच्यामुळे ही दोन घरं वेगळी होतात. बाहेरून दोन्ही बाळांचा आजार एकाच नावाखाली येतो, पण पहिल्या घराला फॉलिकची गोळी पुढच्या खेपेला खूप उपयोगी पडेल आणि दुसऱ्या घराला बहुधा पडणार नाही.

आधी गोळीचं बघू, कारण दोघींनी गोळ्या घेऊनही असं का झालं हा प्रश्न तुम्हाला टोचतोय. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू सुरुवातीला एका सपाट पट्टीसारखा असतो. त्या पट्टीच्या दोन्ही कडा वर उचलल्या जाऊन मधोमध एकमेकींना चिकटतात आणि नळी तयार होते. हीच न्यूरल ट्यूब. डोक्याकडचं टोक मिटलं नाही तर कवटी आणि मेंदू बनतच नाहीत, खालचं टोक मिटलं नाही तर पाठीत फट राहते. ही मिटण्याची क्रिया गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत पुरी होते.

आता तारखा मांडून बघा. मे महिन्यात लग्न झालेली मुलगी आहे आणि तिची शेवटची पाळी १ जूनला आली. गर्भ राहिला साधारण १५ जूनला. पुढची पाळी २९ जूनला यायला हवी होती, ती आली नाही. चार-आठ दिवस वाट बघण्यात गेले, मग तिनं कार्डवर लघवी तपासली, घरात सांगितलं, आषाढात माहेरी गेली, परत आल्यावर आशाताईंना कळलं आणि ५ ऑगस्टला तुमच्याकडे नोंदणी झाली. नळी मिटायची मुदत १३ जुलैला संपली होती. तुम्ही नोंदणीच्याच दिवशी, अगदी वेळेवर गोळी दिलीत, तरी ती तीन आठवडे उशिरा पोचली. नोंदणीनंतरची गोळी रक्त वाढायला लागते, ती द्यायलाच हवी. पाठीतली फट मात्र तिनं टळत नाही. तुमच्या हातून काही चुकलं नाही. त्या गोळीची वेळच तुमच्या नोंदवहीच्या पहिल्या पानाच्या आधीची आहे.

शिवाय गोळी घेतल्या घेतल्या काम होत नाही. तांबड्या पेशींमधला फोलेटचा साठा हळूहळू भरतो, रोज ४०० मायक्रोग्रॅम घेतलं तरी पुरेशी पातळी गाठायला दोन-तीन महिने जातात. म्हणून मी गर्भ राहण्याआधी तीन महिने सुरू करायला सांगते. निदान एक महिना तरी हवाच. शासनाच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमातही मूल हवं असणाऱ्या बाईला गर्भधारणेच्या आधीपासून पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड द्यायला सांगितलं आहे. हे कागदावर आहे. अडतं ते तिला वेळेत गाठण्यात.

शाळेत मुलींना देतो ती निळी गोळी याला पुरत नाही का, असं मला बऱ्याच सिस्टर विचारतात. त्या गोळीत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक असतं, पण ती आठवड्यातून एकदा. रोजच्या हिशेबात ७० मायक्रोग्रॅम पडतं. आठवड्याच्या एकाच गोळीतून न्यूरल ट्यूबचं संरक्षण हवं असेल तर जागतिक आरोग्य संघटना २८०० मायक्रोग्रॅमची गोळी सांगते. तेव्हा निळी गोळी रक्तक्षयासाठी चालू ठेवा, पण लग्न ठरलेल्या मुलीला तिच्या भरवशावर सोडू नका.

रेशनच्या पोषक तांदळाचंही तसंच. त्यात फॉलिक ॲसिड घालतात हे खरं, पण किलोला ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम. दिवसाला पाव किलो तांदूळ खाल्ला तरी हाती २० ते ३० मायक्रोग्रॅम येतं, आणि शिजवताना त्यातलंही थोडं जातं. अमेरिकेत १९९८ पासून पिठात सक्तीनं किलोला १४०० मायक्रोग्रॅम घालतात, तिथे अशी बाळं कमी झाली ती त्या प्रमाणामुळे. शिवाय आपल्याकडची बाई शाळू गिरणीत स्वतः दळून आणते आणि भाकरी थापते. कारखान्यात पिठात काहीही मिसळलं तरी ते तिच्या परातीत येत नाही. आपल्या भागात आज तरी गोळीला पर्याय नाही, असं माझं मत आहे.

आता पहिलं घर. नवराबायको नात्यातले नाहीत, बाळाला कमरेच्या खाली फट, बाकी बोटं, टाळू, हृदय, मूत्रपिंडं नीट आहेत असं मी गृहीत धरते. ऑपरेशनच्या कागदांवरून ते तुम्ही पडताळून घ्या. असं एकटं व्यंग बहुतेक वेळा अनेक लहान लहान कारणं एकत्र आल्यानं होतं: थोडी जनुकांची ठेवण, थोडं फोलेट कमी, कधी बी-१२ कमी. अशा आईला पुढच्या खेपेला पुन्हा तसंच बाळ होण्याची शक्यता शंभरात तीनच्या आसपास धरतात. आणि इथे गोळी किती करते ते नीट तपासलं गेलं आहे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं सात देशांत, आधी असं बाळ झालेल्या बायकांवर चाचणी केली. तिचा निकाल १९९१ साली आला. गर्भ राहण्याआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक घेणाऱ्यांत पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. म्हणजे शंभरात तीनवरून साधारण एकावर. उरलेलं एक फॉलिकनं जात नाही, हे त्या आईला आधीच सांगा, नाहीतर पुढे ती स्वतःलाच दोष देत बसेल.

४ मिलिग्रॅमची गोळी मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही, ५ ची मिळते. डॉक्टरांच्या चिठ्ठीनं तीच रोज एक, मूल हवं तेव्हापासून तीन महिने आधी सुरू करायची आणि बारा आठवड्यांपर्यंत चालू ठेवायची. इथे एक घोटाळा मी स्वतः पाहिला आहे. एका बाईला कुणीतरी 'तुला दसपट फॉलिक लागतं' एवढंच सांगितलं. घरात लोहाच्या लाल गोळ्यांची पाकिटं पडलेली होती. तिनं हिशेब करून त्या रोज आठ खायला सुरुवात केली. फॉलिक ४ मिलिग्रॅम झालं खरं, पण सोबत ४८० मिलिग्रॅम लोह पोटात जात होतं. उलट्या सुरू झाल्या म्हणून ती आली आणि सापडलं. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या चार-चार खाऊनही फॉलिक वाढवू नये, त्यातलं जीवनसत्त्व अ जास्त झालं तर त्यानंच गर्भात व्यंग होऊ शकतं. नुसत्या फॉलिकची गोळी वेगळी असते, ती तिच्या हातात प्रत्यक्ष दाखवा.

मोठी मात्रा देण्याआधी बी-१२ तपासून घ्यायला सांगा. कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा रस्सा आठवतो, पण गळ्यात माळ असलेल्या घरांत आणि वर्षाचे निम्मे वार पाळणाऱ्या बायकांत बी-१२ कमी असलेलं मला वारंवार आढळतं. त्यात नुसतं फॉलिक दिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि मुंग्या येणं, पाय बधिर होणं आतल्या आत वाढत राहतं. बी-१२ची कमतरता हा न्यूरल ट्यूबच्या व्यंगाचाही स्वतंत्र धोका आहे, म्हणून दोन्ही बरोबर भरून काढायचं. याच आईला फिटच्या गोळ्या चालू आहेत का, गर्भ राहण्याआधी साखर होती का, हेही विचारा. सोडियम व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आईच्या बाळाला पाठीत फट राहण्याचा धोका शंभरात एक ते दोन असतो. ती गोळी तिनं आपल्या मनानं बंद करायची नाही, फिटमध्ये आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. मूल ठरवण्याआधी डॉक्टरांकडून बदलून घ्यायची.

दुसऱ्या घराकडे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण असं एक घर माझ्या हातून सुटलं होतं. अनेक वर्षं झाली. मी तेव्हा काम करत होते त्या रुग्णालयात एक जोडपं आलं, डोक्यामागं पिशवी असलेलं बाळ गेल्यानंतर. कागदावर तेवढंच लिहिलं होतं. मी शंभरात तीनचा आकडा सांगितला, ५ मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. बाईनं एक दिवस न चुकवता घेतली. दीड वर्षानं तीच पिशवी, तेच सगळं. त्या दुसऱ्या बाळाला मी स्वतः पाहिलं तेव्हा करंगळीच्या बाजूला सहावं बोट दिसलं आणि पोट फुगलेलं लागलं. मग आईला विचारलं, तर ती म्हणाली पहिल्यालाही होतं, तुम्ही विचारलंच नाही. तेव्हापासून मी बोटं विचारल्याशिवाय आकडा सांगत नाही.

डोक्यामागची पिशवी, करंगळीच्या बाजूला जास्तीची बोटं आणि गाठींनी भरलेली मोठी मूत्रपिंडं, हे त्रिकूट एकत्र आलं की मेकेल-ग्रुबर नावाचा आजार आधी मनात यावा. मूत्रपिंडं चालत नाहीत म्हणून गर्भजल होत नाही, पाण्याशिवाय फुप्फुसं वाढत नाहीत, आणि बाळ जन्मल्यावर तास-दोन तासांत जातं. तुमच्या बाळाचं तासाभरात जाणं या चित्राला जुळतं. सोनोग्राफीच्या कागदावर 'गर्भजल कमी, मूत्रपिंडं नीट दिसली नाहीत' असं काही लिहिलंय का ते बघा. पाणी नसलं की पडद्यावर आतलं काहीच धड दिसत नाही, आणि म्हणूनच नेमकं कारण कागदावर येत नाही.

तरी मी इथून नाव ठोकून देणार नाही. तेरावं गुणसूत्र तीन असलेल्या बाळालाही सहा बोटं, गाठींची मूत्रपिंडं आणि कधी डोक्यामागं पिशवी असते. त्यात ओठ-टाळू फाटलेले, डोळे बारीक, हृदयाला छिद्र असण्याची शक्यता जास्त. हे वेगळं काढणं का महत्त्वाचं? त्या आजारात पुन्हा होण्याचा धोका सहसा शंभरात एकच असतो, मेकेलमध्ये शंभरात पंचवीस. बाळाचा कुणी मोबाईलवर फोटो काढला होता का, हे हळुवार विचारा. पुष्कळदा मामानं किंवा आत्यानं काढलेला असतो आणि कुणाला दाखवायचं धाडस होत नाही. त्या एका फोटोवरून ओठ, बोटं, पोट दिसतं. रुग्णालयात गुणसूत्रांसाठी रक्त किंवा नाळेचा तुकडा ठेवला होता का, हेही विचारा. ठेवला नसेल, आणि बहुधा नसेलच, तर आईवडिलांच्या रक्तातून जनुकांची तपासणी करून दोघंही एकाच जनुकातल्या दोषाचे वाहक आहेत का हे शोधता येतं.

मेकेल असेल तर हिशेब असा. दोघांकडे त्या जनुकाची एक प्रत चांगली, एक बिघडलेली. एका चांगल्या प्रतीवर दोघं ठणठणीत आहेत. बाळाला दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो, आणि ती शक्यता दर खेपेला चारात एक. लोक इथे हमखास चुकतात: 'एक गेलं, आता पुढची तीन चांगली.' तसं नसतं. डब्यात चार चिठ्ठ्या आहेत, एक काढली, बघितली आणि परत डब्यात टाकली. पुढच्या वेळी पुन्हा चारच. फॉलिक या चिठ्ठ्या बदलत नाही. तिनं ४०० मायक्रोग्रॅम घ्यावंच, पण त्यानं हा आजार टळेल अशी आशा देऊ नका.

बिघडलेली प्रत आली कुठून हेही त्या घराला समजायला हवं, कारण मला खात्री आहे की बोट सुनेकडे दाखवलं जात असणार. मामाची मुलगी म्हणजे सासू आणि सुनेचे वडील सख्खी भावंडं. त्या दोघांना एकाच आईवडिलांकडून तीच प्रत मिळाली, सासूकडून ती मुलाला गेली, भावाकडून त्याच्या मुलीला. ही एकाच घराची शिदोरी दोन वाटांनी परत भेटली. हे सासूबाईंना दोष म्हणून सांगू नका. त्यांनी बोटं मोजली म्हणून आपण इथवर आलो हे आधी सांगा, मग वंशवेल काढून दाखवा. मी वहीच्या पानावर आजोबा-आजीपासून तीन पिढ्या काढते, बाईला गोल, पुरुषाला चौकोन. रेघा जुळल्या की बहुतेक घरं स्वतःच बोट ठेवतात.

त्याच पानावरून धाकट्या दिराचं उत्तर मिळतं. नवरा वाहक आहे, तर सख्ख्या भावाकडे ती प्रत असण्याची शक्यता दोनात एक. सुनेच्या बहिणीचंही तेच. दोघं वाहक निघण्याची शक्यता चारात एक, आणि त्यापुढे बाळाला आजार होण्याची चारात एक. म्हणजे आजच्या घडीला, काहीच तपासलं नसताना, त्या जोडप्याच्या प्रत्येक बाळाला सोळात एक धोका. सोयरीक मोडा असं मी म्हणत नाही आणि तुम्हीही म्हणू नका. तो निर्णय त्यांचा. सुपारी फोडण्याआधी थोरल्या जोडप्याची तपासणी होऊ द्या एवढंच सुचवा. जनुक सापडलं तर त्या दोघांची तेवढ्यापुरती तपासणी सोपी आहे, आणि दोघांपैकी एकजण जरी वाहक नसला तरी या आजाराची भीती जवळजवळ संपते. बाहेरची मुलगी केली तर धोका फारच थोडा राहतो, कारण ही प्रत परक्या घरात सापडणं दुर्मीळ. आतेमामे लग्नांत एकूणच, कुठला ना कुठला जन्मजात आजार असण्याचा धोका शंभरात दोन-तीनवरून साधारण दुप्पट होतो. याचा अर्थ अशा शंभरातली नव्वदहून जास्त बाळं चांगली निघतात, आणि म्हणूनच 'आमच्यात तर पिढ्यान्‌पिढ्या चालतंय' हे म्हणणं खोटं नसतं.

ग्रहणाचं म्हणाल तर विळीवर भाजी चिरल्यानं किंवा सुई धरल्यानं बाळाला काही होत नाही. हे तुम्हाला माहीत आहे, पण त्या दोघी आयांना एकदा वेगळं बसवून सांगा. ही टोचणी त्या कुणाला बोलून दाखवत नाहीत. फवारणीच्या वेळी गरोदर बाईनं रानात जाऊ नये, हे केव्हाही बरं. पण या दोन बाळांचं कारण मी तिथे शोधणार नाही. पाच हजार वस्तीच्या उपकेंद्रात वर्षाला ७५ च्या आसपास जन्म, दोन वर्षांत दीडशे. भारतात न्यूरल ट्यूबची व्यंगं हजार जन्मांमागे साधारण चार ते पाच आढळतात, म्हणजे तुमच्याकडे दोन वर्षांत एकाहून थोडं कमीच अपेक्षित. तरी नुसत्या योगायोगानं दोन किंवा जास्त येणं, हे दर सहा-सात उपकेंद्रांमागे एखाद्या ठिकाणी घडतंच. त्यातही तुमची दोन बाळं एकाच आजाराची नसावीत.

खरोखर काही वाढतंय का हे कळायला तालुक्याचे पाच वर्षांचे आकडे लागतील, आणि तिथेच आपली नोंद तोकडी पडते. कवटी न बनलेलं बाळ बारा-तेरा आठवड्यांच्या सोनोग्राफीत दिसतं, बाई कोल्हापुरात जाऊन मोकळी होते, आणि तुमच्या वहीत फक्त 'गर्भपात' राहतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दिसतात ती जगलेली मुलं. तुम्ही आजपासून गर्भपाताच्या आणि मृत जन्माच्या रकान्यापुढे सोनोग्राफीत काय दिसलं ते एका ओळीत लिहायला लागलात, तर तालुका अधिकाऱ्यांना पहिल्यांदाच खरा आकडा मिळेल.

गोळी वेळेत द्यायला नवी यादी करायची गरज नाही. तुमच्या पात्र जोडप्यांच्या नोंदवहीत दोन क्षण आधीच लिहिलेले आहेत: नवीन लग्न, आणि तांबी काढली किंवा माला-एन थांबवली तो दिवस. तांबी काढायला आलेली बाई तुम्हाला स्पष्ट सांगत असते की तिला मूल हवंय. त्याच वेळी तिला ४०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या द्या आणि जमल्यास तीन महिने निरोध वापरायला सांगा. नवविवाहितेला आशाताईंनी पहिल्या भेटीतच द्याव्यात. त्या बहुतेकदा काहीच साधन वापरत नाहीत आणि पाळी चुकेपर्यंत आपल्याला कळतही नाही. मेडिकलमध्ये फक्त ५ मिलिग्रॅमची असेल तर काहीच न घेण्यापेक्षा ती बरी, पण डॉक्टरांना विचारून आणि बी-१२ बघून.

पुढच्या गर्भारपणात दोघींचीही पहिली नीट सोनोग्राफी बारा आठवड्यांच्या सुमारास आणि दुसरी अठरा ते वीसमध्ये व्हावी. दुसऱ्या घरात पहिल्याच वेळी, पाणी भरपूर असताना, डोक्याचा मागचा भाग, मूत्रपिंडं आणि बोटं बघायला चिठ्ठीवर लिहून पाठवा; 'मागचं बाळ व्यंगाचं' एवढंच लिहिलं तर बघणाऱ्याला कुठे शोधायचं ते कळत नाही. त्या घरात जनुक आधी सापडलेलं असेल तर अकराव्या आठवड्यानंतर वारेचा कण घेऊन निदान करता येतं. सापडायला वेळ लागतो, म्हणून दिवस गेल्यावर नाही, आत्ताच सुरू करायचं.

थोरल्या जोडप्याला माझ्याकडे पाठवताना सोनोग्राफीचे सगळे कागद, डिस्चार्ज कार्ड, फोटो मिळाला तर तो, आणि सासूबाईंना सोबत पाठवा. कुणाच्या घरी कोणतं मूल लहानपणी गेलं हे त्यांच्याइतकं कुणालाच आठवत नसेल.